दोन बटणं, तीन सेकंद

पेंटरकाकांच्या डोळ्यांपुढे मधोमध एक ढग येऊन बसला होता. रुपयाएवढा, राखाडी, मऊ. ज्याच्याकडे बघावं तो ढगाआड जायचा आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं लख्ख राहायचं. दुकानाच्या पाटीवरचं अक्षर बघायला गेलं की अक्षर गायब, वरचा खिळा मात्र स्पष्ट. सात महिने झाले, काकांनी ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नव्हती. सांगितली की शिडी जाणार, शिडीमागोमाग ब्रश जाणार, आणि मग पाटी रंगवणारा माणूस घरात बसून भिंतीकडे बघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हात अजून शाबूत होता. चाळीस वर्षांत हाताने इतकी अक्षरं काढली होती की त्याला डोळ्यांची गरज उरली नव्हती, असं ते स्वतःला समजावत. गेल्या महिन्यात एका शिंप्याच्या पाटीवर काना राहून गेला, तेव्हा पहाटे जाऊन तो गुपचूप भरून आले आणि रंग ओघळला होता म्हणून थाप मारली, तेवढं मात्र ते स्वतःला आठवू देत नसत.

त्या दिवशी ते बेकरीच्या नव्या पाटीवर काम करत होते. शिडीच्या वरच्या पायरीवर छाती टेकवलेली, मनगटाखाली आधाराची काठी, खिशात फोन. छातीचा भार खिशावर पडला आणि फोनच्या कडेची आवाजाची दोन्ही बटणं पायरीला चिकटून दाबली गेली. फोन थरथरला. काकांनी काढून पाहिलं तर पडद्यावर एक चौकट आली होती. चौकटीत काय लिहिलंय ते ढगाआड. अलीकडे काकांचा एकच शिरस्ता होता, चौकट आली की उजव्या हाताच्या बटणावर बोट ठेवायचं आणि सुटका करून घ्यायची. त्या सात महिन्यांत त्यांनी कशाकशाला होकार दिला असेल ते देवच जाणे. याही चौकटीला त्यांनी हो म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

पुढच्या अक्षराला ते पुन्हा पायरीवर रेलले, पुन्हा बटणं दाबली गेली, आणि एका बाईचा आवाज अगदी छातीतून आल्यासारखा म्हणाला, "टॉकबॅक सुरू आहे."

काकांचा ब्रश हवेतच थांबला. ते सावकाश खाली उतरले.

फोन हातात घेतला तर तो ऐकेना. बोट लावावं तर फक्त बोले. "घड्याळ," तो म्हणाला. "सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." काकांनी एकदाच टेकवलं, जरा जोरात. "घड्याळ." आणखी जोरात. "घड्याळ." तेवढ्यात फोन वाजू लागला, आणि आवाजाने सांगितलं की घरून फोन आहे. काकांनी नेहमीसारखं बोट सरकवलं, काहीच झालं नाही. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा आली, पुन्हा बंद झाली. तिसऱ्या वेळी काकांनी फोनला शिवी दिली. फोनने ती मनावर घेतली नाही.

बेकरीवाली पिठाचे हात पुसत दारात आली. "काका, माझ्या आईच्या फोनला अस्संच झालं होतं. ज्यांना दिसत नाही ना, त्यांच्यासाठी असतं ते. सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून आहे, तिथे बंद होतं. आधी एकदा टेकवायचं, नाव ऐकायचं, मग लागोपाठ दोनदा. आणि पान वरखाली करायचं तर दोन बोटांनी. भट्टीत पाव आहेत हो, नाहीतर मीच करून दिलं असतं."

"करतो मी. काय अवघड आहे त्यात?" काका म्हणाले. ज्यांना दिसत नाही, हे शब्द मात्र त्यांच्या कानात राहिले.

ते दुकानामागच्या अंगणात पिठाच्या रिकाम्या पिंपावर बसले. दुपार कलंडली होती. भट्टीची ऊब भिंतीतून पाठीला लागत होती, आणि पावांचा वास सगळीकडे गादीसारखा पसरला होता. काकांनी बोट काचेवर ठेवलं आणि न उचलता हळूहळू फिरवलं. बोटाखाली नावं उमलू लागली. कॅमेरा. गॅलरी. हवामान. कॅलेंडर. बोट जिथे जाईल तिथली वस्तू आपलं नाव सांगत होती, आणि ढग कुठेच आडवा येत नव्हता. काकांनी डोळे मिटले. मिटले तरी फरक पडला नाही. सात महिन्यांत पहिल्यांदाच डोळे मिटणं आणि उघडणं सारखंच सोपं झालं होतं. त्यांना वाटलं, आपण पाण्याखाली बसलोय आणि कुणीतरी काठावरून एकेक वस्तू हाक मारून आत सोडतंय.

"मेसेज," आवाज म्हणाला.

सेटिंग्ज शोधायचं सोडून काकांनी लागोपाठ दोनदा बोट टेकवलं. उघडलं. मुलीचं नाव आलं. पुन्हा दोनदा.

मुलगी परगावी शिकवते. तिचा मेसेज चार दिवसांपूर्वीचा होता. तो आला तेव्हा काकांनी अंदाजाने एक अंगठा पाठवून वेळ मारून नेली होती. आता ती बाई कोरड्या, सपाट, कुणाचीच नसलेल्या आवाजात वाचू लागली: बाबा, काल वर्गात फळ्यावर मोठ्ठं अक्षर काढलं आणि मुलं म्हणाली की बाई, तुमचं अक्षर पाटीसारखं आहे. मला एकदम तुमची आठवण आली. तुम्ही हल्ली नुसते अंगठे पाठवता. रागावलात का?

काकांनी तो मेसेज पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण अंगणात कोंबडीशिवाय कुणी नव्हतं. लेकीचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं होतं, बायकोला "चष्मा सापडत नाहीये, वाच बरं" न म्हणता. त्यांना विलक्षण आनंद झाला, आणि त्या आनंदाला लागूनच भीती वाटली.

कारण हा आवाज घरी नेला, तर घर विचारणारच.

मग त्यांनी सेटिंग्ज शोधलं. दोन बोटांनी पान वर ढकललं, एका बोटाने चाचपलं, अ‍ॅक्सेसिबिलिटी सापडलं, त्यात टॉकबॅक सापडलं. ती बाई त्यांना पायरीपायरीने पुढे नेत होती, आणि नेत होती ती स्वतःचाच गळा बंद करणाऱ्या बटणापाशी. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. "टॉकबॅक वापरा. सुरू. स्विच. टॉगल करण्यासाठी दोनदा टॅप करा." काकांनी दोनदा टेकवलं. टॉकबॅक बंद करायचं का, असं विचारणारी चौकट आली. या वेळी काकांना चौकटीतला शब्दन्‌शब्द कळला होता. उजवीकडच्या बटणावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. मग ते डावीकडे सरकलं. "रद्द करा," ती म्हणाली, आणि काकांनी रद्द केलं.

शिडीवर ते त्या दिवशी पुन्हा चढले नाहीत. उरलेली अक्षरं उद्या करतो म्हणाले.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. काकू दारातच उभ्या होत्या. "तीन फोन केले मी! शिडीवरून पडलात की काय म्हणून जीव टांगणीला लागला माझा."

"फोन बिघडलाय गं. बोलत सुटलाय."

काकूंनी फोन हिसकावून घेतला. टेबलावर ठेवून बोट मारलं, तर फोनने वेळ सांगितली. काकू दचकल्या, मग चिडल्या, मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून मुलीला गाठलं.

"आई, सोप्पं आहे," मुलगी म्हणाली. "कडेला आवाजाची दोन बटणं आहेत ना? दोन्ही एकदम दाबून धर. तीन सेकंद. एकामागून एक नाही हं, एकदम."

पहिल्यांदा काकूंनी एकामागून एक दाबली आणि बाईचा आवाज नुसता वर-खाली झाला. "गप्प बस गं भवाने," काकू म्हणाल्या. दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही बटणं अंगठ्याने एकदम आवळली आणि मोठ्याने मोजू लागल्या. "एक. दोन."

काकांच्या तोंडाशी शब्द आला आणि तिथेच राहिला.

"तीन."

"टॉकबॅक बंद आहे," ती म्हणाली आणि गप्प झाली.

"झालं हो!" काकू खूश झाल्या. मुलीलाही शाबासकी मिळाली, फोन ठेवला गेला. काकूंनी काकांचा फोन त्यांच्या पुढ्यात सरकवला. "घ्या. आता सुतासारखा सरळ झालाय."

काकांनी फोन हातात घेतला. गुळगुळीत, मुकी काच. मधोमध ढग, कडेला थोडा उजेड. लेकीचा मेसेज त्यातच कुठेतरी होता, आणि दुपारी तो त्यांचा होता. त्यांनी अंगठ्याने कड चाचपली. दोन्ही बटणं सापडली. त्यांनी ती एकदम दाबली आणि दाबून धरली.

"टॉकबॅक सुरू आहे."

"अहो! आत्ता तर बंद केला मी. चुकून दाबलंत का?"

"दुपारी चुकून दाबलं होतं," काका म्हणाले. "आत्ता मुद्दाम."

फोन घ्यायला पुढे केलेला हात काकूंनी मागे घेतला.

"मला मधलं दिसत नाही," काका म्हणाले. "सात महिने झाले. कडेकडेचं दिसतं. मधलं जातं. पाट्या हाताच्या सवयीने काढतोय."

काकूंनी जे विचारलं त्यात माया कमी आणि संताप जास्त होता. "आणि शिडीवर चढत होतात? असे? सात महिने?"

"हो."

"उद्यापासून शिडी बंद. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बेकरीवालीला मी सांगते. आणि पाटी उतरवून घेऊ, खाली टेबलावर ठेवून काढा हवं तर, मी शेजारी बसून अक्षरं वाचते. पण शिडी बंद म्हणजे बंद."

काकांनी मान डोलावली. शिडी गेली होती. ब्रश मात्र, निदान उद्यापुरता, राहिला होता. त्यांना हायसं वाटलं, आणि इतके दिवस आपण कशाला घाबरत होतो ते त्यांना नीटसं आठवेना.

काकू उठल्या, आत गेल्या, भांड्याचा आवाज केला, परत आल्या आणि समोर बसल्या. त्यांचा राग उतरला होता आणि आवाज बारीक झाला होता.

"म्हणजे म्हणून तुम्ही माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघता?"

"हो. खिडकीकडे बघितलं की तू दिसतेस."

"मला वाटलं," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. पदराने त्यांनी उगाचच टेबल पुसलं. "मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे बघायचं टाकलंत."

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि ते काकूंकडे बघत राहिले.