पाणी न येण्याची तारीख

प्रति,

इथेच गाडी अडली. तक्रार लिहायला बसणाऱ्याने निदान ती कोणाकडे करायची एवढं तरी ठरवून बसावं. पण पंपकाका घाईत होते. त्यांना नातीला बघायचं होतं.

नात चार महिन्यांची झाली होती. लेकीचं घर बसने पाच तासांवर. काकू बाळंतपणापासून तिकडेच होत्या, आणि काका इकडे, तळमजल्यावर, पंपाच्या बटणापासून अकरा पावलांवर अडकलेले. त्याचं असं होतं : सोसायटीची जमिनीखालची टाकी एवढीशी. महापालिकेचं पाणी आलं की दहा मिनिटांत ती भरायची, मग आतला फुगा वर येऊन पाइपाचं तोंड बंद करायचा, आणि उरलेलं पाणी शेजारच्या बिल्डिंगकडे निघून जायचं. म्हणून पाणी आल्या आल्या पंप लावायचा, खालचं वर चढवत राहायचं, तरच गच्चीवरची टाकी भरणार आणि चोवीस घरांत अंघोळी होणार. एकदा आपोआप चालणारं बटण बसवलं होतं. त्याने कोरडा पंप चालवून मोटर जाळली. तेव्हापासून बटण म्हणजे काका.

आणि पाणी कधी यायचं? हेच तर.

विषय :

विषय एका ओळीत मावायला हवा. काकांनी लिहिलं, ‘मला माझी नात बघायची आहे.’ मग त्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून एकतीस वर्षं काढलेला माणूस, रेघसुद्धा वाकडी मारत नसे.

‘विषय : आमच्या सोसायटीस होणाऱ्या अनियमित पाणीपुरवठ्याबाबत तक्रार.’

“खोडलंत कशाला?” काकू फोनवर म्हणाल्या. “खरं तेच होतं ना?”

“अगं, अर्ज आहे तो. पाणीपुरवठा विभागात नातीचं टेबल नसतं.”

“मग बसा तिथंच बटण धरून. पोरगी चालायला लागेल तोवर.”

महोदय,

‘मी वरील सोसायटीचा सभासद असून गेले पाच महिने आमच्याकडे पाणी येण्याची वेळ निश्चित नाही. पाणी कधी सकाळी साडेनऊस, कधी दुपारी दोनला, तर कधी संध्याकाळी पाचनंतर येते. ते किती वेळ राहील याचाही भरवसा नसतो. त्यामुळे एका व्यक्तीस दिवसभर पंपाजवळ थांबावे लागते. तरी पाणी रोज एकाच ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी आठच्या आत सोडावे व तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.’

आठच्या आत, कारण त्यानंतर सगळी बिल्डिंग कामाला जाते. सचिवांनी शब्द दिला होता : आठच्या आत आलं तर बटण मी दाबेन, तुम्ही खुशाल जा.

खिडकी क्रमांक तीन

आवक खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटा करून आधी मागची कोरी बाजू बघितली.

“सोसायटीच्या लेटरहेडवर नाही?”

“मी सभासद म्हणून लिहिलाय.”

“सचिवांनी का नाही लिहिला?”

“त्यांच्या नळाला पाणी येतं. मी पंप लावतो म्हणून.”

बाईंना हे पटलं असावं. त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, दुसऱ्या प्रतीवर पोच दिली आणि म्हणाल्या, “पहिल्या मजल्यावर साहेबांना भेटा. आज आहेत.” ‘आज आहेत’ हे त्यांनी पाणी आलंय अशा सुरात सांगितलं.

साहेब म्हणजे कनिष्ठ अभियंता. तरुण, झोप न झालेला, टेबलावर नळजोडांच्या नकाशांचा ढीग. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“काका, ठरलेल्या वेळेपेक्षा किती फरक पडतो?”

“ठरलेली वेळ कोणती?”

“ती नाही ना. आमच्या मोठ्या टाकीत पातळी किती चढली त्यावर मी फोन करतो. मग चावीवाला निघतो, त्याच्याकडे चौदा व्हॉल्व्ह. तो पोचेल तेव्हा फिरवेल.”

“मग वेळ ठरवा.”

“ठरवायला आधार लागतो. तुमच्याकडे नोंदी आहेत?”

काकांच्या अंगात एकतीस वर्षांची नोकरी जागी झाली. “नाहीत. पण होतील.”

“तीस दिवसांची नोंदवही द्या. तारीख, सुरू, बंद, दाब. मग बघतो.”

नोंदवहीतून

ता. १. सुरू ११.०७. बंद ११.३१. दाब बरा.

ता. २. सुरू ४.५२. बंद ५.०९. दाब नाममात्र.

ता. ५. सुरू १.१८ व अर्धा मिनिट. बंद १.४०. आधी चार मिनिटे नुसती हवा, ती धरलेली नाही.

ता. ८. सुरू ९.४०. बंद १०.०२. दाब चांगला.

ता. ९. पाणी आले नाही.

ता. १०. सुरू ४.३३. बंद ४.५०. दाब बेताचा.

आता या नऊ तारखेच्या ओळीपाशी जरा थांबलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आणि ती ओळ खोटी आहे.

नऊ तारखेला सकाळी काकूंनी फोन बाळाच्या कानाला लावला होता. बाळाने पलीकडून एक हुंकार दिला. एवढ्यावर काकांनी दुपारी पिशवी भरली, बस स्टँड गाठला, तिकीट काढलं आणि खिडकीशी जाऊन बसले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा त्यांना चोवीस नळ दिसले, एकाखाली एक, कोरडे. ते उतरले. चाळीस मिनिटांत घरी आले आणि टाकीचं झाकण उचलून बघितलं. टाकी काठोकाठ. म्हणजे पाणी येऊन, दहा मिनिटं थांबून, पुढे गेलं होतं. होतं तेवढं त्यांनी गुपचूप वर चढवलं. मग पेन घेतलं. ‘नोंद करणारा जागेवर नव्हता’ असं लिहायला हात होईना. एकतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा मनाने घातला नव्हता.

आकडा नाहीच घातला, अशी त्यांनी मनाची समजूत काढली.

संदर्भ : आपला अर्ज

उत्तर आलं. महापालिकेकडून, पंधरा दिवसांत, लेखी. सचिवांनी ते दोन्ही हातांनी धरून वाचलं.

‘आपण सादर केलेली नोंदवही अत्यंत काटेकोर असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब तीच आधारभूत मानून आपल्या व्हॉल्व्हवरील सर्व चाळीस इमारतींसाठी पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक निश्चित करण्यात येत आहे. ता. १ : ११.०७ ते ११.३१. ता. २ : ४.५२ ते ५.०९...’

आणि असंच खाली, ओळीने, पाच तारखेच्या अर्ध्या मिनिटासकट.

‘ता. ९ : पाणी येणार नाही.’

‘सदर वेळापत्रक दरमहा लागू राहील. एकतीस तारखेबाबत स्वतंत्र आदेश काढण्यात येईल. तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’

“वेळ मागितली होतीत ना,” सचिव म्हणाले, “घ्या. तीस दिल्या.”

“आठच्या आत एक तरी आहे का?”

सचिवांनी बोट फिरवत पुन्हा यादी वाचली. नव्हती.

पण पाणी मात्र मिनिटाला मिनिट येऊ लागलं. पाच तारखेला ते एक वाजून अठरा मिनिटांवर अर्ध्या मिनिटाने आलं, आणि त्याआधी चार मिनिटं हवा. लोकांनी कागद जिन्यात चिकटवला. आठ तारखेला चाळीस बिल्डिंगांतल्या बादल्या, पिंप, पातेली भरून ठेवली गेली. नऊ तारखेला कोणाच्या तोंडातून चकार शब्द नाही. शिक्का होता ना.

काकांनी मात्र नऊ तारखेला भरून ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. महिना त्यांनी कसाबसा ढकलला. पुढच्या तीन तारखेला चावीवाला फाटकाशी दिसला. खांद्यावर ती छातीएवढी लोखंडी चावी, मनगटावर नवं घड्याळ.

“काका, तुमचं घड्याळ बघू. माझं दहा सेकंद पुढं वाटतंय.”

“थांब. मला काही सांगायचंय. त्या महिन्यात नऊ तारखेला पाणी आलं होतं. मी नव्हतो.”

“माहितीये की. दोन दहाला मीच चावी फिरवली होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“साहेबांनी विचारलं, वही बरोबर आहे का. मी म्हटलं, तो माणूस अर्धं मिनिटसुद्धा सोडत नाही, त्याचं काय चुकणार.” त्याने चावी भिंतीला टेकवली. “आणि काका, मिनिट पाळायला मला आता या एकाच व्हॉल्व्हवर ठेवलंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला एक अख्खा दिवस मिळाला. गेल्या नऊ तारखेला बायकोला म्हटलं, आज मी घरी आहे. तिनं कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.”

“मी दुरुस्तीचा अर्ज देणार आहे.”

“द्या. तुम्ही दिल्याशिवाय राहणार थोडेच.”

दुरुस्ती

‘विषय : ता. ९ च्या नोंदीतील असत्याबाबत.

महोदय, त्या दिवशी पाणी आले होते. मी बस स्टँडवर होतो. मला माझी नात बघायची आहे.’

या वेळी रेघ मारली नाही. आवकच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत घातला आणि शिक्का मारला.

“कितवी?”

“पहिलीच.”

साहेब मात्र अडचणीत आले. “काका, वेळापत्रक आता वरून मंजूर झालंय. दुरुस्ती करायची तर पुन्हा तीस दिवसांची वही लागेल.”

“देतो.”

“फक्त नऊ तारखेला नोंद घेऊ नका. त्या दिवशी पाणी नसतं.”

“साहेब, तीच तर दुरुस्त करायची आहे.”

“हो, पण नसताना नोंद कशी घेणार?” साहेबांनी डोळे चोळले. मग वेळापत्रकावर बोट ठेवून, आवाज उतरवून म्हणाले, “हे बघा. आठला पाणी दहा वाजून दोन मिनिटांनी बंद. दहाला थेट साडेचारनंतर. मध्ये तुमची कोणालाच गरज नाही. महापालिकेनं लेखी दिलंय. वहीचं महिनाभरानं बघू. या नऊ तारखेला चुकून पाणी आलंच, तर ओरडा मी खाईन.”

काका जिना उतरले. पायरीगणिक त्यांनी हिशोब ताडून पाहिला. पाच तास जायला, पाच यायला. बसत होतं.

सोबत : नोंदवही, पान दुसरे

ता. ८. सुरू ९.४०. बंद १०.०२. दाब चांगला. ११.०५ ची बस.

ता. ९. नोंद करणारा जागेवर नव्हता. पाणी आले की नाही, माहीत नाही.

नात : सुरू २.१०. उजव्या हाताचे बोट धरले. बंद २.३४, झोप लागल्यामुळे. दाब अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त.