श्रीपतीबद्दल विचारायला आले होते

मित्रांनो, मी एक जुनी सर्व्हिस मोटार आहे. माझा सांगाडा मुंबईहून बोटीने रत्नागिरीत उतरला. लाकडी बाकं आणि ताडपत्रीचं छप्पर इथल्याच सुतारांनी चढवलं. मग मी आंबा घाटाने कोल्हापूरला धावू लागले.

मला चालवायचा श्रीपती. घाट चढण्याआधी तो मला थांबवायचा, निवू द्यायचा, टाकीत गार पाणी ओतायचा आणि मगच हँडल मारायचा. उतारू कुरकुरत, पण पुढच्या खेपेला तेच विचारत, "श्रीपतीची गाडी कधी सुटते?"

हे विसूभाऊंना सलायचं. विसूभाऊ आमच्या सर्व्हिसचे मॅनेजर. उतारू गोळा करण्यासाठी स्टँडवर घसा बसवायचा त्यांनी, आणि गाडी मात्र श्रीपतीची! एकदा उशिरावरून ते त्याला चारचौघांत टाकून बोलले. श्रीपतीने उलट उत्तर दिलं आणि नोकरी सोडली. माझ्यावर धोंडू आला. त्याचा हात पडला की माझे गिअर करकरत.

थोड्याच दिवसांत दाऊदशेठ नावाच्या एका व्यापाऱ्याने स्टँडच्या समोरच्या बाजूला स्वतःची नवी मोटार आणून उभी केली. तिला काचेच्या खिडक्या, गादीची बाकं. श्रीपती तिच्यावर लागणार, असं ऐकलं आणि मित्रांनो, माझ्या पोटातलं तेल पेटल्यासारखं झालं. मला राबवून शिकलेले हात आता तिला मिळणार होते.

एके दिवशी हातखंब्याला, त्याच्या गावी, श्रीपती उतारू म्हणून माझ्यात चढला. सोबत बायको, राही, आणि तिच्या कडेवर तान्हं. मागच्या बाकावर बसून दोघं हळू आवाजात बोलू लागली.

"शेठने माझ्याकडून गाडी चालवून बघितली. खूश झाले. पण विसूभाऊंना विचारल्याबिगर ठरवणार नाय म्हणतात."

"मग विचारू देत की."

"विसूभाऊ खोटं नाय बोलायचे. पण खरं तेच अशा रीतीनं सांगतील, की माणूस पुन्हा उभा राहायचा नाय. उशीर करतो म्हणतील, उलट बोलतो म्हणतील. दोन्ही झालंय ना."

राहीने बाळाच्या तोंडावरचं ऊन पदराने अडवलं. "मग त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुम्हीच सांगा शेठना. उशीर का व्हायचा, भांडण कशावरून झालं, सगळं. आणि तुमच्याशेजारी पुढे बसायचे ते डॉक्टर? त्यांचं नाव द्या."

"मॅनेजर सोडून उतारूला कोण विचारतंय?"

"द्या तर खरं. एकाच माणसाच्या तोंडाकडे किती दिवस बघत बसायचं? मला रात्री डोळा लागत नाही हो."

 गाडीतून उतरेपर्यंत श्रीपती धोंडूच्या हातांकडे बघत होता. मी मात्र मनात म्हणत होते, विसूभाऊ, सोडू नका त्याला. असं काही सांगा, की ती काचवाली तशीच उभी राहील.

दुसऱ्या दिवशी दाऊदशेठ स्टँडवर आले आणि माझ्या मडगार्डला टेकले.

"श्रीपतीने आपणहून सांगितलं, तुमचं त्याचं पटलं नाही. डॉक्टरांना पण विचारलं मी. ते बरं बोलले. पण ते पडले उतारू. काम तुम्ही बघितलंत. भाड्याच्या पैशात कधी घोळ?"

"नाही," विसूभाऊ म्हणाले.

"दारू?"

"शिवत नाही."

"अपघात?"

"तसा नाही. पण शेठ, घाटाखाली तासन् तास बसतो."

"तासन् तास?"

"बरं, अर्धा तास. गाडी निवायला हवी म्हणे. जशी काय बाळंतीण! आणि तोंडाचा फटकळ, हे लिहून ठेवा."

"फटकळ तर मी पण आहे. एकच सांगा. तो परत आला, तर घ्याल?"

विसूभाऊंनी समोर बघितलं. नव्या मोटारीच्या काचा चमकत होत्या. उद्या तिथे उतारू काय विचारतील, ते त्यांना तेव्हाच ऐकू आलं असावं. त्यांचा चेहरा आंबट झाला.

"तुम्हाला कशाला देऊ? माझ्याकडे पाठवा. उद्यापासून घेतो. वर पगार वाढवतो."

दाऊदशेठ हसले. "बस. मला एवढंच ऐकायचं होतं."

विसूभाऊंनी लगोलग हातखंब्याला निरोप धाडला. मीही वाट पाहिली. श्रीपती आला, पण समोरच्या बाजूला. गादीवर बसून त्याने चाक हातात घेतलं. राही बाळाला घेऊन खाली उभी होती. कित्येक दिवसांनी ती हसताना दिसली.

पुढे धोंडूने मला तापलेलीच घाटात घातली आणि माझं इंजिन फुटलं. आता मी स्टँडच्या मागे गवतात असते.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी राबतो, त्याला चांगला शब्द तो जवळ असतानाच द्या. दुसरा कोणी विचारायला आल्यावर दिलेला शब्द खरा असला, तरी तो माणूस तुमचा राहत नाही.

विसूभाऊ अजूनही दुपारी माझ्या पायरीवर येऊन टेकतात. ती गाडी समोरून गेली की आम्ही दोघंही दुसरीकडे बघतो.