मुटिएचा लेथ आणि नर्सबाईंचे फ्रँक

गुरुवारी, पंधरा जानेवारीला सकाळी साडेदहाला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोचा हात सोडला. तीन वर्षांहून जास्त काळ तिने शब्द दिला होता की एका युरोचा भाव एक फ्रँक वीस सांतीमच्या खाली उतरू देणार नाही. तो शब्द तिने एका निवेदनात मागे घेतला.

त्या वेळी मी जिनिव्हाला लागून असलेल्या कारूजमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सहकारी फ्लॉरेन्सने आणलेला क्रोआसाँ खात होते. आम्ही पाचजण. रेटो आमचा मालक, झ्युरिककडचा, जर्मन बोलणारा, फ्रेंच बोलायला लागला की प्रत्येक शब्द घाट चढल्यासारखा चढायचा. माझं नाव ओडिल शाप्पाझ. ग्राहकांशी बोलणं हे माझं काम.

आमचा धंदा साधा होता. जिनिव्हात काम करून फ्रान्समध्ये राहणाऱ्या माणसाकडे फ्रँक असतात, त्याला युरो हवे असतात. उलट कुणाकडे युरो असतात, त्याला फ्रँक हवे असतात. बँकेत गेलं की ती एकाकडून फ्रँक स्वस्तात घेते, दुसऱ्याला महागात विकते, मधले दीड-दोन टक्के तिच्या खिशात. आम्ही या दोघांची जोडी लावायचो, खरेदी-विक्रीच्या बरोबर मधल्या भावाने, आणि प्रत्येकाकडून शेकडा चाळीस सेंट घ्यायचो. गंमत अशी की पैसे सरहद्द ओलांडतच नसत. आमचं एक खातं जिनिव्हात, फ्रँकचं. एक सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या आनमासमध्ये, युरोचं. पहिला आपले फ्रँक इथे टाकतो, दुसरा आपले युरो तिथे. दोन्ही आले की तिथले युरो पहिल्याच्या फ्रान्समधल्या खात्यात आणि इथले फ्रँक दुसऱ्याने सांगितलेल्या स्विस खात्यात.

दोन्ही आले की. तिथेच सगळी मेख होती. जोडी लागली की भाव पक्का व्हायचा, आणि पैसे टाकायला दोघांना दोन दिवस मिळायचे. ज्या बाजारात भाव जागचा हलत नाही, तिथे दोन दिवसांनी काय बिघडणार?

दहा चाळीसला पडद्यावर एक फ्रँक दोन दिसला. मग फ्रँकही पुरा नाही, अठ्ठ्याण्णव सांतीम. मग सत्त्याऐंशी. मला वाटलं यंत्र बिघडलं.

रेटो उठून उभा राहिला. "नवीन जोड्या बंद," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"अरे, लोक फोनवर तुटून पडलेत," फ्लॉरेन्स म्हणाली. "फ्रँक विकायला तीनशे माणसं उभी आहेत."

"आणि युरो विकायला?"

तिने पाहिलं. "दोघं. त्यातला एक आता रद्द करतोय."

"मग जोडी कुणाशी लावतेस? भिंतीशी? आणि मधला भाव कुठला घ्यायचा, आत्ताचा की मिनिटाभरानंतरचा?"

नवीन जोड्या थांबवणं सोपं होतं. खरी अडचण जुन्या जोड्यांची होती. बुधवारी लागलेल्या, भाव पक्का झालेल्या, पण फ्रँक अजून न आलेल्या जोड्या एक्केचाळीस. त्या सगळ्या एक फ्रँक वीसच्या भावाने. फ्रँकवाल्याने आता पाठ फिरवली, तर तेच फ्रँक बाहेर विकून त्याला सहाव्या हिश्श्याहून जास्त युरो मिळत होते. नियमाप्रमाणे आम्ही त्याचं खातं बंद करू शकत होतो आणि समोरच्याचे पैसे परत करू शकत होतो. तेवढंच.

"फरक आपण भरला तर?" मी विचारलं.

रेटोने पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. "सगळ्यांचा भरला तर लाखभर फ्रँक. आपल्याकडे तीस हजार आहेत आणि त्यातून तुमचा पगार आहे. ओडिल, प्रत्येक फ्रँकवाल्याला फोन कर. विनवण्या नकोत, धमक्या नकोत. फक्त अट वाचून दाखव. आणि समोरचा कोण आहे हे कुणालाही सांगायचं नाही."

मी यादी काढली. चौथं नाव नादेज पेरोला. आनमासला राहणारी, जिनिव्हाच्या इस्पितळात नर्स. छत्तीस हजार फ्रँक. तिच्यासमोरचं नाव पाहिलं आणि माझा क्रोआसाँ तसाच राहिला. फिर्मँ गिइर्माझ, क्लूझ. एकोणतीस हजार नऊशे पंचाहत्तर युरो, आज सकाळी नऊला आमच्या आनमासच्या खात्यात जमा.

गिइर्माझना मी आवाजाने ओळखत होते. फ्रान्समधल्या क्लूझ गावात त्यांचा स्क्रू आणि बारीक पार्ट कापायचा कारखाना, तीन माणसांचा. स्वित्झर्लंडमधल्या मुटिएची एक फॅक्टरी बंद होत होती, तिथला जुना लेथ त्यांनी घेतला होता. पैसे शुक्रवारी चारपर्यंत पोचले नाहीत तर लेथ दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार होता.

अकराला त्यांचाच फोन आला.

"अहो मादाम शाप्पाझ, रेडिओवर काहीतरी ओरडतायत. माझं ठीक आहे ना?"

"तुमचे युरो पोचलेत, मस्यू."

"ते मला माहीत आहे, मीच पाठवलेत. समोरच्याचं काय?"

"मुदत उद्या दुपारी बारापर्यंत आहे."

"म्हणजे नाही आले. मी ट्रक भाड्याने घेतलाय. नव्या भावाने मला छत्तीस हजार युरो लागतील. सहा हजार मी आणू कुठून? माणसं कामावरून काढू?"

"मी तुम्हाला कळवते."

"कळवते म्हणू नका हो," ते म्हणाले. "दातांचा डॉक्टर असंच बोलतो."

नादेज पेरोलाने फोन उचललाच नाही. दुपारी तीन वाजता ती स्वतः आली. पस्तिशीची, ड्यूटीचे पांढरे बूट घातलेली, डोळ्यांखाली काळं. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"माझी जोडी रद्द करा."

"जोडी लागल्यावर रद्द होत नाही, मादाम. तुम्ही पैसे पाठवले नाहीत तर मुदतीनंतर ती आपोआप मोडेल. मग तुमचं इथलं खातं बंद होईल."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

ती बसली. तिला बहुधा भांडण अपेक्षित होतं आणि ते न मिळाल्याने तिचं अवसान गळालं.

"सोमवारी नोटरीकडे घराच्या खरेदीखताची सही आहे, पैसे त्याच्याकडेच भरायचेत," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या घराची. खिडक्यांतून वारा येतो, बॉयलर मेलाय. हे सहा हजार म्हणजे खिडक्या आणि बॉयलर दोन्ही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मीही सरहद्दीपलीकडे गायारला राहते, माझाही पगार फ्रँकमध्ये. सकाळपासून मनातल्या मनात मीही तो किती युरो झाला ते मोजत होतेच. "मला नाही माहीत," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"समोर बँक आहे ना? बँकेला सहा हजारांनी काय होतं?"

"बँक नाही. समोर तुमच्यासारखंच कुणीतरी आहे. आमच्याकडे दोन्ही बाजूंना माणसंच असतात."

"कोण?"

"सांगता येत नाही."

ती चिडली. "सोयीचं आहे तुम्हाला! आणि उलटं झालं असतं तर? फ्रँक कोसळला असता तर त्या माणसाने मला जुन्या भावाने युरो दिले असते? शप्पत सांगा. पळाला असता तोही."

"त्यांनी पाठवून टाकलेत." शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं.

"कधी?" तिने विचारलं.

"मी काही बोलले नाही, मादाम."

"साडेदहाच्या आधी?"

मी टेबलावरचे कागद सरळ करत बसले. पलीकडून रेटो बघत होता. नादेज उठली, कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं तरी तिने ते तसंच ठेवलं, आणि दार ओढून गेली.

"काय सांगितलंस तिला?" रेटोने विचारलं.

"सांगायला नको होतं ते."

त्याने मान हलवली. पुढचा फोन वाजला म्हणून ते तेवढ्यावर राहिलं.

रात्री झोप लागली नाही असं सांगणार नाही. लागली, पण सहालाच जाग आली. ट्राममध्ये सगळे फोनवर भाव बघत होते. एक फ्रँक एक. एक फ्रँक दोन. पुन्हा एक फ्रँक एक.

ऑफिसात आम्ही पाचजण एकाच पडद्याभोवती बसलो. फ्रँकच्या खात्याचं पान दर दोन मिनिटांनी नवं करायचं. नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिले पैसे आले, बाराशे फ्रँक, एका शिक्षकाचे. फ्लॉरेन्सने टाळ्या वाजवल्या. मग सहा हजार. मग बराच वेळ काही नाही. साडेदहाला फ्रान्समधल्या थोनोंच्या पियानो शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांच्या इकडे लोझानमध्ये शिकणाऱ्या मुलीच्या फीचे फ्रँक यायचे होते, आणि त्यांच्या समोरच्या माणसाने मला कालच हसून सांगितलं होतं, "मी काय वेडा आहे का?" त्या बाईंशी बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला.

अकरा वीसला गिइर्माझ. "मी मुटिएला आहे. लेथ समोर दिसतोय. दुसरा गिऱ्हाईकही दिसतोय, निळ्या टोपीतला. मला बघून हसतोय मेला."

"अजून चाळीस मिनिटं आहेत, मस्यू."

अकरा बावन्नला पान नवं केलं. छत्तीस हजार. एन. पेरोला.

मी ओरडले नाही, नुसतं बोट दाखवलं. रेटोने रक्कम दोनदा वाचली. मग मी तिचे युरो नोटरीच्या खात्यात आणि त्यांचे फ्रँक फॅक्टरीच्या खात्यात पाठवायचा आदेश दिला. दोन खाती, दोन ओळी, दीड मिनिटाचं काम. तरी खात्याचा आकडा मला तीनदा टाकावा लागला.

बाराला मुदत संपली. एक्केचाळीसपैकी एकोणतीस जोड्या पुऱ्या झाल्या. बाकी बाराजणांना त्यांचे युरो परत पाठवले. पियानोच्या बाई त्यांतल्याच. रेटोने त्यांना स्वतः फोन केला आणि आपल्या खडबडीत फ्रेंचमध्ये माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीने फी भरता येत नाही.

मी नादेजला फोन लावला. आभार मानायचे होते.

"आभार मानू नका," ती म्हणाली. मागे इस्पितळातली ट्रॉली खडखडत होती. "मी काल रात्रभर तुम्हाला शिव्या घालत होते. तुम्ही ते बोलला नसतात तर आज मी सुखाने बॉयलर घेतला असता. पैसे पोचले का नोटरीकडे तेवढं सांगा."

"आज संध्याकाळपर्यंत पोचतील."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चारला गिइर्माझ ट्रकमधून बोलले. इंजिनाच्या आवाजात ओरडत होते. "निळी टोपी गेली घरी! पण काय हो, दोन दिवस जीव टांगणीला लावायचा आणि वर फी घ्यायची? त्या समोरच्याला सांगा, पुढच्या वेळी जरा लवकर पाठव म्हणावं. आळशी कुठला!"

मी म्हणाले, "सांगते, मस्यू."

सोमवारी रेटोने सगळ्या ग्राहकांना पत्र पाठवलं. यापुढे आधी पैसे आमच्या खात्यात, मग जोडी. लोक कुरकुरले, काही सोडून गेले. युरोवाले इतके कमी झाले की फ्रँकवाल्यांना कधी चार-चार दिवस थांबावं लागायचं. ते फोन करून विचारायचे, "समोर कुणी आलं का?" आणि मी पडद्याकडे बघून खरं ते सांगायचे.