चार वाजताचा आवाज

आई जाऊन तीन महिने झाले होते. एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते हळू आवाजात म्हणाले, "चिमणे, घरात तुझी आई बोलते. रोज चार वाजता."

चिमणी म्हणजे त्यांची थोरली लेक. दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. तिला वाटलं, एकटेपणानं बाबांचं डोकं फिरलं की काय?

"काय बोलते?"

"'अहो' म्हणते. पुढचं ऐकायला मी थांबतो कुठे? चपला घालतो नि बाहेर पडतो. पाच वाजले की येतो."

"आणि चारची रक्तदाबाची गोळी?"

बाबांनी विषय बदलला. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं.

तिने बाबांच्या शेजारच्या शिंपीकाकांना फोनवर गाठलं. आधी ते हसले, मग एकदम थांबले. "अगं, पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या बाबांच्या फोनची काच फुटली. कपाटात वहिनींचा फोन होता, त्यात मीच त्यांचं सिम घातलं." थोड्या वेळाने त्यांनी त्या फोनमधल्या अलार्मच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट पाठवला. दुपारचे चार, रोज. खाली नाव होतं 'गोळी', आणि आवाजाच्या ओळीत 'रेकॉर्डिंग ३'.

भूत सापडलं होतं. ऑपरेशनला जाण्याआधी आईने स्वतःच्या आवाजात आठवण करून ठेवली असणार. दवाखान्यातून ती परतलीच नाही, आणि फोन कपाटात बंद पडून राहिला.

अलार्म बंद करून चालणार नव्हतं, गोळी चुकली असती. फक्त आवाज बदलायचा. चिमणीने एका दमात लिहिलं, "अलार्म उघडून साउंडमध्ये जा, टोन निवडा नि सेव्ह करा." वाचलं आणि कागद चुरगाळला. बाबांना यातलं एक अक्षर उमगलं नसतं. मग स्क्रीनशॉट समोर ठेवून, एका ओळीत एकच काम, ठसठशीत अक्षरांत तिने लिहायला घेतलं:

१. घड्याळाचं गोल चित्र शोधा. त्यावर एकदाच बोट टेकवा.
२. खाली 'अलार्म' लिहिलंय, तिथे बोट टेकवा.
३. ४:०० या आकड्यावर बोट टेकवा. शेजारचं बटण सरकवू नका, अलार्म बंद होईल.
४. 'अलार्मचा आवाज' या ओळीवर बोट टेकवा. नावांची यादी येईल.
५. यादीतलं 'घंटा' निवडा. ती लगेच वाजून दाखवेल, घाबरू नका.
६. डावीकडच्या मागे जाण्याच्या बाणावर एकदा बोट टेकवा.
७. खाली 'सेव्ह' दाबा. ते दाबेपर्यंत काहीही बदलत नाही.

सातवी ओळ लिहून तिने पेन खाली ठेवलं. आईला घरातून घालवायच्या सात पायऱ्या आपण लिहितोय, असं तिला वाटलं. पण गोळी महत्त्वाची, असं स्वतःला बजावून तिने कागदाचा फोटो काकांना पाठवला. काकांनी तो मोठा छापून बाबांना नेऊन दिला.

रविवारी सकाळी काकांच्या फोनवरून बोलणं सुरू झालं. बाबा एकेक ओळ मोठ्याने वाचत होते.

"चार झालं. यादी आली. आता पाच." मग ते थबकले. "बोट भलतीकडेच पडलं गं."

आणि फोनमधून आई बोलली.

"अहो, चार वाजले. गोळी घ्या. पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको."

बाबा कुठे पळणार? फोन त्यांच्याच हातात होता. आवाज थांबला, पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. आधी भांड्याचा आवाज, मग आईचा श्वास. मग अगदी जवळून, कुजबुजल्यासारखी, "हे बंद कसं करायचं गं?" आणि शेजारी ठेवलेल्या बाबांच्या फोनच्या स्पीकरवरून दुसरा आवाज, वैतागलेला, "आई, लाल बटण दाब. कितीदा सांगू?"

तो चिमणीचा आवाज होता. ती पार विसरली होती. हातातलं काम सोडून, घाईघाईत, फोनवरून तिनेच आईला शिकवलं होतं. तिची मान खाली गेली.

पलीकडे काकांचं शिलाई मशीन थांबलं.

"चिमणे," शेवटी बाबा म्हणाले, "सेव्ह दाबलं नाही, तर काही बदलत नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग मागे कसं जायचं, ते सांग. सावकाश सांग."

तिने सांगितलं. या वेळी अगदी सावकाश. 'बदल टाकून द्यायचे का,' असं फोनने विचारलं, तेव्हा 'हो' म्हणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी, राहवेना म्हणून, तिने बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"गोळी घेतली?"

"घेतली. पाण्याबरोबर." बाबांचा आवाज शांत होता. जरा जास्तच शांत. "पण एक सांगू? चारला फोन करत जाऊ नकोस. साडेचारला कर. तेवढा वेळ आम्ही बोलत असतो."

समोर घासायची काच तशीच पडली होती, मशीनचं चाक रिकामंच फिरत होतं. पलीकडे फोन ठेवायचं बाबांच्या लक्षात राहिलं नसावं. दुरून त्यांचा आवाज येत राहिला, हलका, समजुतीचा. कुणाला तरी ते सांगत होते की लेकीचा फोन होता, आणि ती आता रागावत नाही.