दोनाच्या डोक्यावरचं चिन्ह

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणजे बरं चाललेलं बिघडवतो, मग बंद करून चालू करतो, आणि लोक वर आभार मानतात.

त्या दिवशी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात फक्त कीबोर्ड बदलायला गेलो होतो. काउंटरवर काकू. वीस वर्षं तिथेच, आधी थोरल्या डॉक्टरांकडे, आता त्यांच्या मुलाकडे. हा धाकटा डॉक्टर कुत्र्यांशी प्रेमाने बोलतो आणि माणसांवर भुंकतो. मागच्या महिन्यात दोन मांजरांना एकच वेळ दिली गेली, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "काकू, पुन्हा काही विसरलात तर या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल." काकूच्या घरी तिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

नवा कीबोर्ड लावला आणि मला दिसलं, जुन्यासारखाच हाही कीबोर्ड अमेरिकी छापाचा, पण कॉम्प्युटरमधली बटणांची मांडणी ब्रिटिश. दोनाच्या डोक्यावर @ छापलेलं, दाबलं की उमटतं दुहेरी अवतरणचिन्ह. आणि एन्टरशेजारी अवतरण छापलेलं, तिथे उमटतं @.

"काकू, तुम्ही इमेल कसे लिहिता?"

"एन्टरजवळचं दाबते. चार वर्षं झाली. कॉम्प्युटरच तिरपागडा, त्याला मी काय करू?"

माझ्या हाताला खाज सुटली. कुणी विचारलं नसताना मांडणी अमेरिकी केली, लॉक स्क्रीनलाही तीच लावली आणि ब्रिटिश काढूनच टाकली. काकूने स्क्रीन लॉक केली, हात धुऊन आली आणि पासवर्ड टाकला.

चुकीचा.

पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. टेबलावर मांजर होतं, त्याला मागे कुठलं इंजेक्शन सोसलं नव्हतं ते बघायचं होतं.

"उघडत नाही," काकू म्हणाली.

"उघडत नाही की आठवत नाही?"

काकूने तिसऱ्यांदा टाकला. पुन्हा तेच. पाच चुकले की अर्धा तास कुलूप, हा नियमही माझाच.

"तो डोळा दाबा ना," डॉक्टर म्हणाला. "काय टाइप करताय ते दिसेल तरी."

"नाही." काकूने माझ्याकडे बोट केलं. "पासवर्ड कुणाला दाखवायचा नाही, असं यानेच बजावलंय."

चौथा प्रयत्न गेला. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, काकू. वय झालं की होतं असं. संध्याकाळी किल्ल्या देऊन जा."

काकूचे डोळे भरले. माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं, तिथे मांडणीचं नाव होतं: अमेरिकी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इमेलमध्ये उमटलेलं अक्षर दिसतं, म्हणून काकूने एन्टरजवळचं बटण शोधून काढलं. पासवर्डात नुसते ठिपके. तिथे तिने पहिल्या दिवसापासून छापलेल्यावर विश्वास ठेवला होता. @ समजून दोनाचं बटण दाबलं, कॉम्प्युटरने अवतरण साठवलं, आणि चार वर्षं दोघांचं गुण्यागोविंदाने चाललं. मी सकाळी येऊन त्यांचा संसार मोडला.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर बसलोही.

"काकू, पासवर्डात @ आहे?"

"आहे."

"मग दोनाचं नका दाबू. शिफ्ट धरून एन्टरशेजारचं दाबा. डॉक्टर, चूक यांची नाही. मांडणी मी बदलली. न विचारता."

डॉक्टरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला इंजेक्शनच टोचतोय. "थापा नकोत. यांना वाचवायला बोलतोयस तू."

काकूने डोळे पुसले. मान खाली घालून एकेक बटण सावकाश दाबलं. मग एन्टरवर बोट नेलं आणि थांबली.

"आठवत नाही म्हणता ना? या, बघा."

तिने माउस धरून डोळा दाबला. ठिपक्यांची अक्षरं झाली. रोमन लिपीत, ठसठशीत: आधी गाढव, मग ते अवतरणचिन्ह, मग डॉक्टर, शेवटी सात.

आतून मांजर ओरडलं.

काकूने एन्टर मारला. कॉम्प्युटर उघडला.

"तुम्ही दवाखाना हातात घेतलात, त्या दिवशी ठेवला होता," ती म्हणाली. "आजतागायत एक अक्षर विसरलेली नाही."

डॉक्टरचे कान लाल झाले. तो घसा खाकरून म्हणाला, "मांजराचं इंजेक्शन कुठलं ते सांगा."

काकूने सांगितलं. स्क्रीनकडे न बघता.