'अधिक'च्या खालची ओळ

चष्म्याच्या दुकानात उभी राहून मी दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं कुणालाही हसू येईल. मला अजून आलेलं नाही.

माझ्या सात वर्षांच्या ठमीला शेंगदाण्याचा कणसुद्धा चालत नाही. तिच्या डब्याबद्दल, दप्तरातल्या ॲलर्जीवरच्या इंजेक्शनच्या पेनाबद्दल मी मोबाइलवर लिहीत गेले आणि बघता बघता नऊ हजार माणसं जमली. बहुतेक माझ्यासारख्याच घाबरट आया. म्हणूनच एका बिस्किटांच्या कंपनीने मला गाठलं. पैसे घेऊन एक पोस्ट लिहायची. पाकिटावर ठळक अक्षरांत 'शेंगदाणा नाही' होतं. मी मागची यादी शेंगदाण्यासाठी दोनदा तपासली, ठमीला आठवडाभर बिस्किटं दिली आणि मगच हो म्हटलं.

माझ्या मसुद्याची पहिलीच ओळ होती, 'ही जाहिरात आहे, याचे मला पैसे मिळालेत.' कंपनीची मुलगी फोनवर लाडीगोडीने म्हणाली, "ताई, लिहिलंय छानच, पण सुरुवात नोटिशीसारखी वाटते. ती ओळ शेवटी घेऊ या ना. लपवायचं थोडंच आहे? आणि नावाखाली ते सशुल्क भागीदारीचं लेबल नकोच. ते दिसलं की लोक पुढे सरकतात."

तिला कशाला नावं ठेवू? मलाही ते पटलं. आपलं लिखाण गोड वाटावं, हा माझाच हट्ट. ती ओळ गेली तळाला, ठमीच्या पडलेल्या दाताच्या किश्शाखाली. पोस्टच्या दोनच ओळी दिसतात, पुढे 'अधिक' असं असतं, आणि त्यावर फारसं कुणी दाबत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी तीनला पोस्ट टाकली. चार वाजता दुकानात एका आजोबांना तक्त्यासमोर बसवलं आणि सहज मोबाइल बघितला. एका बाईची कमेंट होती.

'ताई, तुम्ही देता म्हणजे प्रश्नच मिटला. लगेच खालच्या दुकानातून आणलं. माझ्या लेकाला बदाम-काजू चालत नाहीत. शाळेतून आला की देते!'

बदाम? पर्समधलं पाकीट काढून दिव्याखाली धरलं. मागे, घडीच्या अगदी आत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'बदाम व काजू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार.' मी त्या यादीत एकच शब्द शोधला होता. माझ्या पोरीचा.

कमेंट अकरा मिनिटांपूर्वीची. तिथूनच फोन लावला, उचलला नाही. संदेश टाकला, वाचल्याची खूण नाही. राहिला एकच मार्ग, तिच्या कमेंटखाली, नऊ हजार लोकांसमोर उत्तर लिहायचं. आणि तेव्हा, सांगायला लाज वाटते, मी थबकले. कंपनी काय म्हणेल? लोक म्हणतील, बाई पोरीच्या नावावर दुकान चालवते. एक परका मुलगा आणि माझी अब्रू, आणि माझं बोट हलेना.

मग ठमीचे सुजलेले ओठ आठवले. दोन वर्षांची होती, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता.

लिहिलं, 'थांबा, देऊ नका! ही जाहिरात आहे, मी पैसे घेतलेत. मी फक्त शेंगदाणा बघितला होता. पाकिटाची मागची बाजू, घडीच्या आत, वाचा.' मग पोस्ट उघडून ती तळाची ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली, तिच्यापुढे 'म्हणून पाकीट तुम्ही स्वतः वाचा' असं जोडलं आणि लेबलही लावलं. गंमत म्हणजे ती ओळ आता मुळीच नोटिशीसारखी वाटत नव्हती. एका आईने दुसरीला सांगावं तशी वाटत होती.

"शेवटची ओळ दिसत नाही हो," आजोबा म्हणाले. मी भिंग बदललं. लक्ष सगळं मोबाइलकडे, ते त्यांच्या नाकावर आपटलं. कंपनीच्या मुलीचे तीन फोन येऊन गेले. मी घेतले नाहीत. मनात एकच चाललं होतं, शाळा किती वाजता सुटते त्याची?

चार वाजून एकोणतीस मिनिटांनी उत्तर आलं.

'पाकीट फोडलेलं होतं. बिस्कीट त्याच्या हातात होतं. काढून घेतलं, खूप रडतोय.'

रड, बाळा, पोटभर रड. मोबाइल पुन्हा वाजला.

'ताई, जाहिरात असली ना, की मी पाकीट नेहमी वाचते. तुमचं होतं म्हणून वाचलं नाही.'