सरकवलेला कॉलम

घ्या, आली का पुन्हा तीच कटकट! रुग्णांना मेसेज पाठवणारा प्रोग्राम सकाळी ठरल्या वेळी आपोआप सुरू झाला आणि पहिल्याच पायरीवर अडून बसला. रक्त-लघवीपासून बायोप्सीपर्यंत सगळं तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये कॉम्प्युटरचं सगळं एकटीने सांभाळणाऱ्या चाळणीबाईने कपाळाला हात लावला. हे नाव तिला पडलं तिनेच प्रोग्रामात बसवलेल्या फाइलच्या तपासणीमुळे. फाइलच्या पहिल्या ओळीतली कॉलमची नावं आणि क्रम ठरल्याप्रमाणे नसतील, तर पुढची एकही ओळ वाचायची नाही.

क्रम साधा होता. नाव, तपासणी, रुग्णाचा मोबाइल, नातेवाइकाचा मोबाइल. प्रोग्राम बिचारा आंधळा, तो तिसऱ्या कॉलममधला नंबर उचलतो आणि मेसेज सोडतो. आज नमुने गोळा करणाऱ्या केंद्राच्या फाइलमध्ये तिसऱ्या जागी होतं ‘संपर्क’ आणि चौथ्या जागी नुसतं ‘मोबाइल’. आता संपर्क म्हणजे कोणाचा? देव जाणे! दोन्हीकडे नुसते दहा आकडी नंबर, ते बघून काय डोंबल कळणार? तिने केंद्राला फोन लावला, तर तो सतत व्यस्त.

तेवढ्यात साहेब तावातावाने आत आले.

“मेसेज का अडकलेत? डॉक्टर माझ्या नावाने शंख करतायत!”

“कॉलम बदललेत, साहेब. केंद्राला विचारू द्या. लोक घरच्यांपासून लपवून तपासण्या करतात. एकाचं दुखणं भलत्याच्याच कानावर जाईल.”

“नंबर आहेत ना? मग झालं! तुमचं म्हणजे ताकही फुंकून प्यायचं.”

“दहा मिनिटं द्या हो!”

साहेब कसले ऐकतात! तिच्याच खुर्चीत बसून त्यांनी फाइलची तपासणी बंद केली आणि प्रोग्राम चालवला. “बघा, पडलं का आभाळ?” म्हणत ते चहाला गेले. तिला वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. आपण ओरडून मरायचं आणि यांनी एका बटणात निकाल लावायचा!

मग केंद्रातल्या कारकुनाचा फोन आला. “संपर्क म्हणजे नातेवाईक हो. तो कॉलम आधी घेतला, दिसायला बरं दिसतं म्हणून.”

“बरं दिसतं? अहो, न विचारता कशाला हात लावता!” ती किंचाळली. पण मेसेज केव्हाच सुटले होते.

एक तिच्याच फोनवर आला. त्यात तिच्या आईचं नाव होतं. बायोप्सीचा रिपोर्ट तयार आहे, उद्याच डॉक्टरांना भेटा, सोबत जवळच्या माणसाला आणा.

आई तर आठवडाभर मावशीकडे जाते म्हणून सांगून गेली होती. चाळणीबाईने तिला फोन लावला.

“काय गं, कामाच्या वेळेला?” आई हसत म्हणाली. “आम्ही मजेत आहोत हो.”

“आई, लॅबचा मेसेज आलाय. तुझ्या नावाचा. माझ्या फोनवर.”



“मला नाही आला अजून,” आई हळूच म्हणाली. “काय लिहिलंय गं त्यात?”